इटलीतल्या जन्मदाखल्याचं मराठी भाषांतर परत येत असेल तर

मुलाचा जन्म मिलानचा. शाळाप्रवेशासाठी दाखल्याचं मराठी भाषांतर दिलं, ते परत आलं, कारण आईवडिलांची नावंच नव्हती. भाषांतरकार बदलला, नोटरीचा शिक्का मारला, तरी तेच. फार वैताग आला.

नावं मूळ कागदावरच नव्हती. इटलीत 1955 च्या कायद्यापासून जन्माच्या उताऱ्यावर पालकांची नावं एरवी छापत नाहीत. ती मुद्दाम मागावी लागतात.

जमलं ते या क्रमाने. आधी कोमुनेकडे, म्हणजे तिथल्या पालिकेकडे, 'एस्त्रात्तो पेर रियास्सुन्तो' हा जन्मनोंदीचा संक्षिप्त उतारा 'कोन पातेर्निता ए मातेर्निता', म्हणजे आईवडिलांच्या नावांसह, असं लिहून मागितला. मग त्यावर प्रेफेत्तूराकडून, म्हणजे तिथल्या प्रांताच्या सरकारी कार्यालयाकडून, अपोस्टिल घेतलं, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून त्यावरची सही-शिक्का खरा असल्याचं प्रमाणपत्र. हे इटलीतच होतं, इथे नाही. भाषांतर सगळ्यात शेवटी, म्हणजे अपोस्टिलचाही मजकूर त्यात येतो. गोल शिक्का, सही, समासातल्या नोंदी, सगळं उतरवून घेतलं. नावांचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे रोमन लिपीत ठेवून शेजारी देवनागरी दिलं. 03/05 ही तारीख '3 मे' अशी अक्षरी लिहिली. शेवटी भाषांतरकाराचं सहीचं निवेदन नोटरी करून मूळ प्रतीला जोडलं.

विवाहाच्या दाखल्यालाही अपोस्टिल आधी, भाषांतर नंतर.