दंडावरचा सेन्सर मध्यरात्री खोटी 'लो' दाखवतो तेव्हा

पुण्यात डिसेंबरची थंडी पडली की आई दुलई ओढून डाव्या कुशीवर मुटकुळं करून झोपते. तिचा शुगरचा सेन्सर डाव्याच दंडावर होता. एका रात्री पावणेतीनला माझ्या फोनवर त्याचा शुगर कमी झाल्याचा, म्हणजे 'लो'चा, अलार्म वाजला. आकडा होता ५८. मी घाबरून तिला उठवलं आणि साखरपाणी पाजलं. सकाळी शुगर २००च्या वर! दोन रात्रींनी पुन्हा तेच झालं, पण या वेळी मी आधी बोट टोचलं. ग्लुकोमीटरवर ११७ आले.

मग सेन्सर खोटं का बोलला? तो रक्तातली साखर मोजतच नाही. त्याची केसासारखी बारीक तार कातडीखाली, पेशींच्या मधल्या द्रवात बुडालेली असते. त्या द्रवात साखर येते ती शेजारच्या केशवाहिन्यांमधून. दंड अंगाखाली दाबला गेला की तिथला रक्तपुरवठा मंदावतो. पेशी मात्र असलेली साखर वापरत राहतात. नवी येत नाही, जुनी संपत जाते, म्हणून तेवढ्याच जागी साखर खरोखर घटते. सेन्सर तिथलं जे दिसतं तेच सांगतो. बाकी शरीरात सगळं ठीक असतं.

अलार्म वाजला की सर्वांत आधी माणसाकडे बघा. घाम, थरथर, धडधड, बोलण्यात गोंधळ यातलं काही दिसलं, किंवा घरात ग्लुकोमीटरच नसला, तर ती लो खरी धरून लगेच साखर द्या. नीट जाग येत नसेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काही घालू नका, रुग्णवाहिका बोलवा. यातलं काहीच नसेल तर त्यांना सेन्सरच्या बाजूवरून उठवून बसवा, हात धुऊन पुसा आणि बोटातून शुगर तपासा. बोटाला साखरेचा चिकटा राहिला तर मीटरही फसतो, म्हणून मी उशाशी ओला रुमाल ठेवते.

मीटरवर ७०च्या खाली आलं तर लो खरी. चहाचे तीन चमचे साखर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा बोट टोचा. मीटर आणि सेन्सरमध्ये १५-२०चा फरक असेल तर त्यावरून काही ठरवू नका, तेवढा नेहमीच असू शकतो. आमच्याकडे तो जवळजवळ ६०चा होता. अशा वेळी साखर देऊ नका. कूस बदलायला सांगा आणि अर्ध्या तासाने आकडा बघा.

सकाळी आलेख उघडून बघा, कारण खोट्या लोची ओळख आकड्यापेक्षा रेषेच्या आकारात जास्त असते. बोट टोचलं त्या रात्री आईची रेषा दोन वाजून दहा मिनिटांपर्यंत १२०च्या आसपास सपाट होती. अडीचला ८८, पावणेतीनला ५८. उठून बसल्यावर काहीही न खाता सव्वातीनला ती परत ११२ वर आली. जेवणाचं इन्सुलिन ओसरलेलं असताना मध्यरात्री शुगर अशी विहिरीत पडल्यासारखी सहसा पडत नाही. खरी लो बहुधा उतारासारखी हळूहळू येते. आणि साखर न देता ती अशी चटकन वरही चढत नाही. तरी आलेख ही नंतरची साक्ष आहे. रात्रीचा निर्णय बोटाच्या तपासणीवरच घ्या.

खात्री करायची असेल तर दुपारी जेवणानंतर तीन-चार तासांनी, शुगर स्थिर असताना, अर्धा तास त्याच दंडावर झोपून बघा. आईचा आकडा २० मिनिटांत घसरायला लागला, बोटात मात्र बदल नव्हता.

उपाय सोपा आहे. पुढचा सेन्सर दुसऱ्या दंडाला, बाहेरच्या कडेला नव्हे तर मागच्या मांसल भागावर लावा. दोन्ही कुशींवर लोळायची सवय असेल तर पाठीशी लोड ठेवा. अलार्म मात्र बंद करू नका. आई रात्री इन्सुलिन घेते, त्यामुळे खरी लो कधीही येऊ शकते, आणि ती सेन्सर दाबला गेलेल्या रात्रीही येऊ शकते.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टवर त्या त्या रात्रीसमोर मीटरचा आकडा पेनने लिहून न्या. नुसता लोचा लाल पट्टा दिसला तर रात्रीचं इन्सुलिन कमी केलं जाऊ शकतं, आणि मग सकाळची शुगर विनाकारण चढते. आम्ही तो ११७चा आकडा लिहून नेला. डॉक्टरांनी आईचा डोस होता तोच ठेवला.