रंग उडालाय की क्षार बसलाय?

एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीत टँकर सुरू होतो. मे संपेपर्यंत माझा गडद निळा सुती कुर्ता पांढुरका पडतो आणि टॉवेल पापडासारखे कडक होतात. तुमचाही असा कुर्ता असेल, तर तो बोहारणीला देण्याआधी पुढची तपासणी करा.

आधी आतल्या शिवणीजवळ कापसाच्या बोळ्याने पांढरं व्हिनेगर लावा. दहा मिनिटांनी तेवढा भाग पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. ओलं कापड गडदच दिसतं, त्यामुळे घाईने निकाल लावू नका. वाळल्यावरही तो भाग आजूबाजूपेक्षा गडद राहिला, तर रंग शाबूत आहे, वर क्षार बसलेत. फरक दिसला नाही, तर बहुधा रंगच गेलाय. ऊन किंवा ब्लीचने उडालेला रंग कशानेही परत येत नाही.

आता पाणी. एका बाटलीत नळाचं, दुसरीत आरओचं पाणी अर्धं भरा आणि दोन्हींत साबणवडीचा सारखाच कीस टाकून हलवा. जड पाण्यात फेस टिकत नाही, दूध नासल्यासारखा गढूळ चोथा तयार होतो. तो कपड्याच्या धाग्यांत अडकतो आणि कापड कडक, मळकट होतं.

हिशेब करून बघा. लिटरमागे ४०० मिलिग्रॅम जडपणा असलेल्या २० लिटरच्या बादलीत सुमारे ८ ग्रॅम चुनखडीएवढा क्षार असतो. तो एकटा जवळजवळ ५० ग्रॅम साबण खातो. फेस येईना म्हणून आपण आणखी वडी घासतो आणि चोथाच वाढवतो. धुण्याचा सोडा भरपूर असलेली स्वस्त पावडरही अशा पाण्यात खडूसारखी भुकटी सोडते. गडद कपड्यावर ती लगेच दिसते.

बसलेले क्षार काढायला १० लिटर पाण्यात एक कप व्हिनेगर घालून कपडा अर्धा तास भिजवा. (यात ब्लीच चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो. डिटर्जंटही नको, दोघांचाही जोर मरतो.) नैसर्गिक रंगाचा कपडा असेल तर आधी कोपऱ्यावर बघा. मग नीट खळबळा. आम्लाने साबणाचा चोथा फुटतो, पण त्यातला तेलकट अंश कापडातच राहतो. म्हणून लगेच कोमट पाण्यात लिक्विड डिटर्जंटने धुवा. ही दुसरी धुलाई गाळली, तर टॉवेल नरम होतो पण पाणी टिपत नाही. माझं पहिल्यांदा हेच झालं होतं.

टँकरच्या दिवसांत वडी बाजूला ठेवा आणि लिक्विड वापरा, मात्र पाकिटावर जड पाण्यासाठी दिलेल्या मापाने. सॉफ्टनरने टॉवेल मऊ लागतो, पण क्षार तसेच राहतात. पालिकेचं पाणी थोडंच येत असेल, तर ते शेवटच्या खळबळण्यासाठी राखून ठेवा. वाळताना कापडात राहतं ते तेच पाणी.