बक्षीसपत्र की मृत्युपत्र? मुलांच्या नावावर घर करताना या चुका टाळा

नाशिकचं एक जोडपं मुलाला घेऊन माझ्याकडे दस्त करायला आलं होतं. वडील अडुसष्ट वर्षांचे. फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर, २००४ साली ९ लाखांना घेतलेला, आज रेडी रेकनरप्रमाणे ५० लाखांचा. मुलगा पुण्यात, मुलगी लग्न होऊन नागपूरला. म्हणाले, "दोनशे रुपयांत काम होतं ऐकलंय. मुलगा आणि सूनबाई, दोघांच्या नावाने बक्षीसपत्र करून टाका." या एवढ्याशा वाक्यात एकाहून जास्त चुका होत्या. त्या सगळ्या मी इतरांकडूनही ऐकतो, म्हणून याच घराच्या हिशेबाने सांगतो.

"दोनशे रुपयांत होतं"

महाराष्ट्रात २०१५ पासून ही सवलत आहे. राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा विधवा सून यांना बक्षीस दिली, तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. मुलीचं लग्न झालेलं असलं तरी काही बिघडत नाही. पण लोक ऐकतात ते इथपर्यंतच. मुद्रांक शुल्काच्या जोडीला स्थानिक संस्थेचा अधिभार असतो आणि तो दोनशेवर नाही, घराच्या बाजारमूल्यावर लागतो. महापालिका हद्दीत १ टक्का धरला, तर या ५० लाखांच्या फ्लॅटला पन्नास हजार. मुंबईसारख्या मेट्रो असलेल्या शहरात त्यासाठीचा अधिभार वेगळा. म्हणून दस्ताची तारीख ठरवण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयातून मूल्यांकन काढून घ्या आणि एकूण आकडा विचारा. "दोनशे ना?" असं विचारलंत तर "हो" असंच उत्तर येईल, आणि ते खोटंही नसेल.

सवलत कशाला नाही, तेही बघा. दुकानाचा गाळा किंवा ऑफिस यात येत नाही. भाऊ-बहीण यांना किंवा मुलाने आईवडिलांना दिलं तर दर ३ टक्के. आणि सून, म्हणजे जिचा नवरा हयात आहे ती, यातल्या कुठल्याच यादीत नाही.

म्हणजे या कुटुंबाने सूनबाईंचं नाव घातलं असतं, तर तिच्या हिश्श्याला थेट विक्रीखताचा दर लागला असता. शहरात तो ५ टक्के. निम्म्या हिश्श्याचे २५ लाख धरले, तरी सव्वा लाख रुपये, वर अधिभार. केवळ एक नाव वाढवण्यासाठी.

त्यात आयकराचीही गाठ आहे, आणि ती बहुतेकांना पुढे भाडं सुरू झाल्यावर कळते. सासऱ्याने सुनेला फुकट दिलेल्या मालमत्तेचं उत्पन्न सासऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतात. फ्लॅट भाड्याने दिला, तर तिच्या हिश्श्याच्या भाड्यावर कर हे आजोबा भरणार. बायकोला किंवा अज्ञान मुलाला दिलं तरी तसंच. सज्ञान मुलगा-मुलगी मात्र यातून सुटतात: त्यांना मिळालेल्या घराचं भाडं त्यांच्याच विवरणपत्रात जातं.

नोटरीकडचं बक्षीसपत्र

पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर मजकूर टाइप करून, नोटरीचा शिक्का मारून आणलेली बक्षीसपत्रं दर दोन-तीन महिन्यांनी समोर येतात. स्थावर मालमत्तेचं बक्षीस नोंदणी केल्याशिवाय होतच नाही. दस्त नोंदलेला हवा, दोन साक्षीदार हवेत, आणि ज्याला द्यायचं त्याने ते देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारलेलं हवं. म्हणून दस्तात स्वीकाराचं कलम आणि मुलाची सही असते. वडील गेल्यावर नोटरीचा कागद घेऊन कुणी आलं, तर घर कायद्याच्या वाटणीने सगळ्या वारसांचं झालेलं असतं. मग बहिणीकडून हक्कसोडपत्र घ्यायला नागपूर गाठायचं.

मृत्युपत्राचं, दोन साक्षीदार सोडले तर, याच्या अगदी उलट आहे. साध्या कागदावर, हाताने लिहिलेलंही चालतं. त्याला मुद्रांक शुल्क नाही आणि नोंदणी ऐच्छिक आहे. मी तरी नोंदणी करून घ्या म्हणतो, कारण महाराष्ट्रात तिची फी शंभर रुपये आहे आणि "ही सही त्यांची नव्हेच" हा वाद बराच कमी होतो.

दस्तात "प्रेमापोटी" एवढंच लिहिणं

ही सर्वांत महाग चूक, आणि हिचा मुद्रांकाशी संबंध नाही.

बक्षीसपत्राचा तयार नमुना पाहिलात तर त्यात ठरलेलं वाक्य असतं: "कोणताही मोबदला न घेता, केवळ नैसर्गिक प्रेमापोटी व आपुलकीपोटी". त्याखाली लगेच: "आजपासून सदर मिळकतीत माझा किंवा माझ्या वारसांचा कोणताही हक्क राहिलेला नाही." लोक या खाली सही करतात आणि त्याच घरात झोपायला जातात. उद्या मुलाने ते घर विकलं, गहाण टाकलं, किंवा त्याचं बायकोशी बिनसलं आणि प्रकरण कोर्टात गेलं, तर या दोघांच्या हातात काय? आईचा तर विचारच कुणी केलेला नसतो. घर नवऱ्याच्या नावावर होतं, त्याने देऊन टाकलं, आणि तो आधी गेला तर ती राहते ती मुलाच्या मर्जीवर.

मागे फिरायचं म्हटलं तर वाट अरुंद आहे. नोंदलेलं बक्षीसपत्र मनात आलं म्हणून रद्द होत नाही. काही हुशार लोक मग दस्तातच लिहून ठेवतात, "मला वाटेल तेव्हा मी हे रद्द करीन." तसं लिहिलंत तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे ते बक्षीसच निरर्थक ठरतं.

आईवडील व ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे. त्याच्या कलम २३ नुसार, देणारा साठीचा असेल, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि मुलाने ती अट मोडली असेल, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द करू शकतं. आपल्याकडे हे न्यायाधिकरण म्हणजे प्रांत कार्यालय. मात्र डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की अशी अट असल्याचं दाखवता आलं पाहिजे, निव्वळ बक्षीस दिलं एवढं पुरत नाही. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला. पण त्या प्रकरणात सांभाळाची अट लेखी होती. तुमच्या दस्तात ती नसेल, तर उदार अर्थ लावायला हाताशी काही नाही.

म्हणून बक्षीसपत्र करायचंच असेल तर दोन कलमं स्वतः सांगून घालून घ्या. एक, "मी व माझी पत्नी, दोघांनाही तहहयात या घरात विनामोबदला राहण्याचा हक्क राखून" बक्षीस देत आहोत. असा हक्क राखला तरी बक्षीस वैध राहतं. दुसरं, मुलाने अन्न, औषधपाणी, देखभाल पुरवण्याची अट आणि ती मोडल्यास कलम २३ प्रमाणे दाद मागण्याचा हक्क. मुलाला याचा राग आला, तर तोही उत्तराचाच भाग समजा.

"बक्षीस दिलं की कर वाचतो"

घर घेताना मुलाला आयकर नाही, देताना वडिलांना भांडवली नफा नाही. इथपर्यंत खरं आहे, आणि मृत्युपत्राने मिळालं तरी तसंच. घोटाळा होतो तो मुलगा पुढे घर विकतो तेव्हा.

समजा या मुलाने ते ५५ लाखांना विकलं. त्याचा समज असा, की बक्षीसपत्रावर मूल्यांकन ५० लाख आहे, म्हणजे नफा ५ लाख. तसं नाही. त्याची खरेदी किंमत म्हणजे वडिलांनी २००४ साली दिलेले ९ लाखच. नफा ४६ लाख. १२.५ टक्क्यांनी धरला तर कर ५ लाख ७५ हजार आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे सुमारे ५ लाख ९८ हजार. बक्षीस असो वा मृत्युपत्र, हा आकडा बदलत नाही. घर १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल तर त्या तारखेचं बाजारमूल्य धरता येतं, त्यासाठी मान्यताप्राप्त मूल्यांककाचा दाखला लागतो.

एक दिलासा आहे: वडिलांनी घर किती वर्षं ठेवलं होतं ती वर्षं मुलाच्या खात्यात धरली जातात. त्यामुळे बक्षीस मिळाल्यावर सहाच महिन्यांत विकलं तरी नफा दीर्घ मुदतीचाच, आणि नियमांत बसवून दुसरं घर घेतलं तर सूटही मिळते. म्हणून घर देताना मूळ करारनामा, इंडेक्स टू, त्या वेळच्या मुद्रांकाची पावती आणि नंतर खोली वाढवली असेल तर त्याची बिलं, हे सगळं मुलांच्या हवाली करा. वीस वर्षांनी ते शोधून सापडत नाही.

मृत्युपत्रातल्या चुका

"माझं नाशिकचं घर मुलाला" असं लिहू नका. सर्व्हे नंबर, फ्लॅट नंबर, सोसायटीचं नाव, क्षेत्रफळ हवं. फ्लॅट नवरा-बायकोच्या संयुक्त नावावर असेल, तर एकाने पूर्ण घर लिहून देता येत नाही, ज्याचा तो आपला हिस्सा देतो. वडिलोपार्जित घराचंही तेच.

साक्षीदार आपल्याहून तरुण घ्या. पुढे कोर्टात साक्षीदारालाच उभं करावं लागतं, आणि सोसायटीतले समवयस्क मित्र तोवर राहतीलच असं नाही. ज्याला घर मिळणार आहे त्याने मजकूर सांगायचा, वकील आणायचा, वडिलांना गाडीतून न्यायचं, हे टाळा. नेमकं याच्यावरच बोट ठेवून मृत्युपत्र संशयास्पद म्हणतात. मुलीला घर देत नसाल तर का, ते एका ओळीत लिहा: तिला लग्नात काय दिलं, किंवा ठेवी तिच्या नावे आहेत.

आणि सोसायटीत नॉमिनेशन भरलं म्हणजे झालं, असं समजू नका. नॉमिनी हा मालक नसतो, तो वारसांच्या वतीने सांभाळणारा. नॉमिनेशन मुलाच्या नावे आणि मृत्युपत्र मुलीच्या नावे असं झालं, तर भांडण तुम्हीच लावून ठेवलंत.

त्या नाशिकच्या कुटुंबाला मी विचारलं, घर आत्ताच मुलाच्या नावावर करायची गरज काय आहे? कर्ज काढायचंय? पुनर्विकास चालू आहे? मुलगा काही बोलला नाही. आई म्हणाली, "तसं काही नाही, आपलं एकदा होऊन जावं म्हणून." मग बक्षीसपत्राचा विषय बाजूला राहिला. त्यांनी मृत्युपत्र केलं, सूनबाईंचंही नाव त्यात घातलं, कारण तिथे त्याला एक रुपयाही लागत नाही. नागपूरच्या मुलीला ठेवी. डॉक्टरांचा त्याच दिवशीचा दाखला सोबत जोडला, आणि नोंदणीला मुलगा आला नाही.