दिवाळीच्या मॉलची ३० सेकंदांची जाहिरात: या चुका टाळा

गणपती गेले की कोल्हापुरात दिवाळीच्या जाहिरातींची स्क्रिप्टं यायला लागतात आणि जवळजवळ प्रत्येकीत शब्द जास्त असतात. ३० सेकंदांच्या जाहिरातीत बोलायला ३० सेकंद मिळत नाहीत. सुरुवातीचे तीन संगीताचे, शेवटचे चार लोगोचे. उरले २३. घाई न करता सेकंदाला साधारण दोन मराठी शब्द बसतात, म्हणजे ४५ शब्दांच्या आसपास थांबायचं.

मागं एका मॉलची स्क्रिप्ट आली होती. लिहिणारा नवा पोरगा म्हणाला, शब्द मोजलेत. मोजले होते, पण कागदावर! ‘९९९’ हा त्याच्या हिशेबात एक शब्द. तोंडात आला की ‘नऊशे नव्याण्णव रुपयांपासून’. त्यात तीन ऑफर, दोन खुणांसकट पत्ता आणि दहा आकडी मोबाइल नंबर. वाचन ४० सेकंदांवर गेलं. पोरगा म्हणतो, “स्पीड वाढवू की!” सुरुवातीचं संगीत उडवलं, वेग तिसऱ्या हिश्शानं वाढवला, सगळं कोंबलं. सॉफ्टवेअरनं आवाजाची पट्टी सांभाळली, पण श्वास आणि विराम आखडले. मालकानं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “मॉल कुठं हाय म्हणाला ह्यो?”

नंतर नंबर पडद्यावर टाकला, तीनातली एकच ऑफर ठेवली, पत्त्यात फक्त ‘ताराराणी चौकाजवळ’. माझी सवय सांगतो: घड्याळ लावून, उभं राहून, मोठ्यानं वाचायचं. मनातल्या मनात वाचलेलं नेहमी कमी वेळात संपतं.

दुसरी चूक म्हणजे कंसात ‘आनंदी संगीत’ असं लिहून मोकळं होणं. एडिटरनं त्यातून काय समजायचं? कुठलं वाद्य, कुठल्या शब्दावर चढणार, कुठं उतरणार, ते लिहा. कोल्हापूर म्हटलं की सगळ्यांना हलगी हवी असते. हवीच, पण आवाजाखाली अखंड नको. तिचा कडक ठोका च, ट, स अशा व्यंजनांवरच बसतो आणि शब्द बोथट होतात. हलगीचा आवाज कमी करूनही पुरतं भागत नाही. वाक्य संपल्यावरच्या मोकळ्या जागेत तिला सोडा. मी असं लिहितो:

०–३ सेकंद: सनई एकटी.
३ सेकंद: सनई खाली, आवाज सुरू. “साड्या झाल्या, ॥ पोरांचे कपडे झाले… ॥ आणि आजोबांचा फेटा?”
‘फेटा’नंतर: हलगीचे दोन ठोके, मग सेकंदभर शांतता.
पुढं: सनई परत, आवाजाखाली.

॥ म्हणजे श्वास. ती खूण नसली की आर्टिस्ट सगळं एका दमात म्हणतो आणि फेट्याचा प्रश्न यादीतच विरून जातो.

बोल असलेलं गाणं निवेदनाखाली घालू नका, दोन्ही कळत नाहीत. सिनेमातलं गाणं परवानगीशिवाय तर नकोच. “सगळेच वापरतात” म्हणणाऱ्यांचे व्हिडिओ ऐन दिवाळीत मुके होतात.