फॉरवर्ड बुक करायच्या आधी आणि सेटलमेंटच्या दिवशी: डॉलरमध्ये पेमेंट करणाऱ्यांसाठी तयारी

फॉरवर्ड म्हणजे पुढच्या तारखेला लागणारे डॉलर कितीला घ्यायचे हे बँकेशी आजच ठरवून टाकायचा करार. आयातीचं पेमेंट फॉरवर्डनं बांधायचं असेल तर तयारी दोनदा लागते, एकदा बुक करताना आणि एकदा सेटलमेंटच्या, म्हणजे डॉलर उचलून पेमेंट करायच्या दिवशी. पहिली सगळेच करतात. दुसरी राहते, माझीही मागच्या वेळी राहिली, आणि मग महिन्या-दीड महिन्यानं सीए विचारतात की फॉरवर्डमध्ये फायदा झाला का तोटा, तेव्हा कुणाकडंच खरा आकडा नसतो. म्हणून सगळ्यात आधी तेच लिहितो: सेटलमेंटच्या दिवशी, पेमेंट जायच्या आधी, त्याच बँकेचा त्या दिवशीचा डॉलर विकायचा रेट ईमेलवर मागून घ्या. पुढं हे परत येणार आहे, दर वेळी वाचा.

आता बुकिंग. आयईसी, केवायसी, ऑर्डरची किंवा इन्व्हॉइसची कॉपी, हे असतंच. बँकेत फॉरवर्डची लिमिट मंजूर आहे का एवढं मात्र आधी बघा, नसेल तर बँक तारण म्हणून एफडी मागते आणि त्यात चार दिवस जातात, तोपर्यंत रेट कुठल्या कुठं गेलेला असतो.

उदाहरण एकच धरू. वाळूजमधला एक कारखाना, प्लास्टिकचे पार्ट बनवणारा, कोरियाहून प्लास्टिकचा दाणा मागवतो. बिल ६०,००० डॉलरचं, पेमेंट बीएलच्या, म्हणजे माल जहाजात चढल्याच्या पावतीच्या, तारखेपासून ९० दिवसांनी. आकडे सोपे जावेत म्हणून समजा आज बाजारात डॉलर ८४ रुपये आहे. तीन महिन्यांनंतरचा डॉलर आजच्या भावात मिळत नाही, त्यावर प्रीमियम लागतो, काहून की आपल्याकडचे व्याजदर अमेरिकेपेक्षा जास्त आहेत आणि तो फरक फॉरवर्डच्या भावात येतो. समजा प्रीमियम ४० पैसे आणि बँकेचं मार्जिन १० पैसे. म्हणजे तुमचा फॉरवर्ड ८४.५० ला बुक झाला आणि माल तुम्हाला ५०,७०,००० रुपयांना पडणार हे आजच ठरलं.

इथं एक करा. बँक ८४.५० असा एकच आकडा सांगते, तो फोडून मागा: स्पॉट म्हणजे बाजाराचा आजचा भाव किती, प्रीमियम किती, मार्जिन किती. ब्रँचमधल्या माणसाला हे माहीत नसतं, तो मुंबईच्या ट्रेझरीला, म्हणजे बँकेच्या डॉलरचे भाव देणाऱ्या विभागाला फोन लावतो, तुम्ही लाइनवरच थांबा आणि तिथल्या तिथं हो किंवा नाही सांगा, कारण तो भाव काही सेकंदांचाच असतो. प्रीमियम बाजाराचा असतो, त्यावर घासाघीस होत नाही, मार्जिनवर होते. आकडा फोडून घेतला नाही तर मार्जिन १० पैसे लागलं का ३० हे कळतच नाही, आणि ६०,००० डॉलरवर २० पैसे म्हणजे सरळ १२,००० रुपये. शिवाय हा मार्जिनचा आकडा सेटलमेंटच्या दिवशी हिशेबाला परत लागणार आहे, म्हणून बुकिंगच्या कागदावरच लिहून ठेवा.

तारीख नीट मोजा. ९० दिवस बीएलच्या तारखेपासून, इन्व्हॉइसच्या नाही. इन्व्हॉइस निघाल्यावर माल जहाजात चढायला आठवडा-दोन आठवडे सहज जातात आणि फॉरवर्ड चुकीच्या तारखेला संपतो. तारखेची खात्री नसेल तर ऑप्शन पिरियड घेता येतो, म्हणजे ठरलेल्या काही दिवसांत कधीही डॉलर उचला, पण आयातवाल्याला बँक प्रीमियम त्या मुदतीच्या शेवटच्या तारखेपर्यंतचा लावते, तुम्ही पहिल्या दिवशी उचलले तरी. त्यामुळं उगाच महिनाभराची मुदत मागू नका, जेवढी शंका तेवढीच घ्या.

एक गैरसमज इथंच काढून टाकतो. पुष्कळ जण बुकिंगच्या दिवशीच हिशेब मांडायलेत: बाजारात ८४, मी घेतला ८४.५०, म्हणजे ५० पैसे तोटा, ३०,००० गेले. तो तोटा नाही. त्यातले २४,००० प्रीमियमचे आणि ६,००० मार्जिनचे, ही भाव बांधून घ्यायची किंमत आहे आणि ती बुक करतानाच माहीत असते. फायदा की तोटा हे सेटलमेंटच्या दिवशीच ठरतं, आणि ते त्या दिवशी फॉरवर्ड नसता तर डॉलर कितीला पडला असता यावर. बुकिंगच्या दिवशीच्या स्पॉटचं काम तिथं संपलेलं असतं.

आणि म्हणून परत सांगतो, त्या दिवशीचा रेट. कुठला रेट? इथंच सगळा घोळ होतो.

समजा ९० दिवसांनी मोबाइलवर डॉलर ८५.३० दाखवतोय. हा रेट तुमचा नाही. हा बँकांचा आपसातला भाव, त्या भावात तुम्हाला कुणी डॉलर देणार नाही. दुसरं म्हणजे स्पॉट हा शब्द आपण आजचा भाव म्हणून वापरतो, पण स्पॉटचे डॉलर हातात येतात दोन कामकाजाच्या दिवसांनी. तुमचं पेमेंट आज जायचंय, म्हणजे तुम्हाला लागतो कॅश रेट, आजच्या आज डॉलर मिळायचा. प्रीमियम चालू असताना तो स्पॉटपेक्षा थोडा स्वस्त असतो, धरा एक पैसा, ८५.२९. मधे सुट्ट्या आल्या की हा फरक वाढतो. त्यावर बँकेचं मार्जिन १० पैसे, म्हणजे ८५.३९. हा तुमचा खरा रेट, फॉरवर्ड नसता तर आज याच भावानं तुमच्या खात्यातून पैसे गेले असते.

आता गुणाकार. आयातवाल्यासाठी त्या दिवशीच्या रेटमधून फॉरवर्डचा रेट वजा करायचा आणि डॉलरनं गुणायचं. ८५.३९ वजा ८४.५०, ८९ पैसे, गुणिले ६०,०००, फायदा ५३,४०० रुपये. मोबाइलचा ८५.३० धरला असता तर ४८,००० आले असते. आणि बँकेच्या काउंटरवरचा कार्ड रेट धरला, जो छोट्या ग्राहकांसाठी जास्तीचं मार्जिन घालून छापलेला असतो, समजा ८५.९५, तर फायदा ८७,००० दिसतो. कॉन्ट्रॅक्ट तेच, डॉलर तेवढेच, आणि तीन वेगळी उत्तरं. तुम्ही एरवी कार्ड रेटनंच पेमेंट करत असाल तर तुमच्यासाठी ८७,००० बरोबर, पण भाव ठरवून घेत असाल तर तो आकडा मालकाला दाखवणं म्हणजे फसवणूक आहे.

रुपया वर गेला तरी हीच रीत. समजा त्या दिवशी बाजार ८३.६१ आणि तुमचा कॅश रेट मार्जिनसकट ८३.७०. मग ८३.७० वजा ८४.५०, उणे ८० पैसे, तोटा ४८,०००. तरी माल पडला ५०,७०,००० लाच, ज्यावर तुम्ही पार्टचा भाव काढला होता. हा तोटा दिसला की पुढच्या वेळी फॉरवर्ड नको म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि नेमकी त्याच वेळी बाजू उघडी राहते.

हा रेट नंतर मिळत नाही. हे नीट समजून घ्या. एफबीआयएलचा रेफरन्स रेट जुन्या तारखेचा मिळतो (२०१८ पासून रिझर्व्ह बँकेऐवजी तीच संस्था तो काढते), पण तो दुपारी एकदाच निघणारा बाजाराचा रेट आहे, त्यात तुमच्या बँकेचं मार्जिन नाही आणि तुमची वेळही नाही. पडताळा म्हणून बघा, हिशेबाला नको. ट्रेझरीला दोन आठवड्यांनी विचारलं की त्या दिवशी साडेअकराला मला कितीला दिला असता, तर उत्तर येत नाही, आणि त्यांचीही चूक नाही. त्यामुळं पेमेंटचं पत्र देताना त्याच ईमेलमध्ये एक ओळ टाका: आजच्या डिलिव्हरीचा, ६०,००० डॉलरचा, आमच्या नेहमीच्या मार्जिनसकट विक्रीचा रेट कळवा. विक्रीचा म्हणजे बँक डॉलर विकते तो. किती वाजता दिला तेही लिहून मागा. ब्रँच म्हणेल साहेब, तुमचा तर फॉरवर्ड आहे, आजचा रेट कशाला पाहिजे? तरी मागा.

आता बिल आणि फॉरवर्ड जुळले नाहीत तर. माल कमी आला, कोरियावाल्यानं क्रेडिट नोट दिली, द्यायचे राहिले ५८,०००. उरलेले २,००० डॉलर बँकेला परत विकावे लागतात, आणि तिथं बँकेचा खरेदीचा रेट लागतो, ८५.२९ मधून १० पैसे मार्जिन जाऊन ८५.१९. म्हणजे हिशेब दोन तुकड्यांत: ५८,००० वर ८९ पैशांनी ५१,६२० आणि २,००० वर ६९ पैशांनी १,३८०, एकूण ५३,०००. सगळ्यावर ८९ पैसे लावलं तर चुकतं, म्हणून असं असेल त्या दिवशी विक्री आणि खरेदी दोन्ही रेट मागा. बुकिंगचे आणि कॅन्सलेशनचे चार्जेस, त्यावरचा जीएसटी, हे शेवटी वजा करायचं.

जहाज लांबलं आणि पेमेंटही पुढं गेलं तर मुदत संपायच्या आधी बँकेला कळवा, आधी म्हणजे आधी. जुना कॉन्ट्रॅक्ट त्या दिवशीच्या रेटनं कॅन्सल होतो, फरक लगेच खात्यात, आणि नवा नव्या रेटनं बुक होतो. दोन्ही मिळून हिशेब करायचा. काहीच कळवलं नाही तर मुदतीनंतर बँक स्वतःहून कॅन्सल करते, आणि तेव्हा तोटा असेल तर तुमच्याकडून वसूल, फायदा असेल तर तो तुम्हाला मिळत नाही.

कस्टम ड्युटी कस्टमच्या जाहीर केलेल्या रेटनं लागते, फॉरवर्डचा तिथं उपयोग नाही, त्यामुळं लँडिंग कॉस्ट काढताना ड्युटीला ८४.५० लावू नका. ३१ मार्च मधे येत असेल तर प्रीमियम दोन्ही आर्थिक वर्षांत वाटायचा, सीएंना बुकिंगचा फोडलेला रेट द्या, ते करतील. फाइलला लावायचे कागद: बुकिंगची स्लिप, बीएल, डेबिट ॲडव्हाइस, आणि त्या दिवशीच्या विक्रीच्या रेटचा ईमेल. ईमेल आला नसेल तर पेमेंटच्या पत्रावर सही करायच्या आधी फोन करा आणि मागवून घ्या.