घोणस चावली तर या चुका टाळा

उसाचं पाचट ओढताना घोट्याला घोणस चावली, की आजूबाजूच्यांचा हात आधी सुतळीकडे जातो आणि मग विळ्याकडे. घोणशीच्या बाबतीत हे दोन्ही उपाय अंगाशी येतात.

घोणशीचं विष चावल्या जागचं मांस कुजवतं. वर करकचून बांधलं की ते तिथेच कोंडतं, शिवाय पायाचा रक्तपुरवठाही तुटतो. कोणी आधीच बांधलं असेल, तर वाटेत हिसकून सोडू नका. अडलेलं विष एकदम अंगात पसरू शकतं. म्हणून डॉक्टर सलाईन लावून, तयारीनिशी गाठ सोडतात.

चिरा देणं त्याहून वाईट. हे विष रक्त गोठवणारे घटकच संपवतं, त्यामुळे चीर वाहतच राहते. विष मात्र बाहेर येत नाही, तोंडाने ओढूनही नाही.

मग करायचं काय? माणसाला आडवं करा, चालू देऊ नका. पायाला फळी लावून सैल बांधा. सूज चढायच्या आत जोडवी, पैंजण काढा. 108 ला फोन करा, गाडी लांब असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. सापाच्या मागे लागू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर आपल्याकडे एकच लस चालते.

दवाखान्यात नातेवाइकांचा पहिला वाद ठरलेला: "साप चावलाय, मग लस का देत नाही?" कारण प्रत्येक दंशात विष उतरतंच असं नाही, आणि घोड्याच्या रक्तापासून बनणाऱ्या या लसीचीही रिअॅक्शन येते. म्हणून विषबाधेची खूण आधी बघतात. साध्या, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात, मग नळी एकदा तिरकी करतात. रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर विष भिनलंय. नळी प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल, तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि निकाल चुकतो. पहिल्यांदा गोठलं म्हणून घरी न्यायची घाई नको. चाचणी पुन्हा पुन्हा होते, किमान 24 तास थांबावं लागतं.

लस सहसा 10 कुप्यांपासून सुरू होते, सलाईनमधून. लहान मुलालाही तेवढीच, कारण साप मूल पाहून कमी विष सोडत नाही. खाज, गांधी, धाप दिसली की लस थांबवून अॅड्रेनालिन देतात. सहा तासांनी रक्त परत नळीत. तेव्हाही गोठलं नाही तर आणखी लस.

या काळात नर्स पायावर पेनाने सुजेची रेघ मारून वेळ लिहिते, हिरड्यांतून रक्त येतंय का बघते. लघवी मोजण्याला नाकं मुरडू नका. घोणस मूत्रपिंड निकामी करते. लघवी कमी किंवा लालसर-काळी झाली की क्रिएटिनिन तपासतात, कधी डायलिसिसही लागतं.

घरी गेल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप, सांधेदुखी, अंगभर खाज आली, तर तो बहुधा लसीचा उशिराचा परिणाम असतो. त्याच दवाखान्यात परत जा, त्यावर औषध आहे.