फोनवरचं बुकिंग: ‘बुक करा’ म्हटल्यानंतरची दोन मिनिटं

हॉटेलच्या रिझर्व्हेशन डेस्कवर नव्याने येणाऱ्यांना भीती असते ती रेट सांगण्याची आणि घासाघीस करणाऱ्या पाहुण्याची. ते आठवड्याभरात जमतं. शिवाजीनगरच्या आमच्या हॉटेलात मी नव्या मुलामुलींना जी स्क्रिप्ट शिकवते, तिचा बहुतेक भाग पाहुणा ‘ठीक आहे, बुक करा’ म्हणतो तिथून सुरू होतो. दुसऱ्या दिवशी काउंटरवर होणारी भांडणं याच दोन मिनिटांत ठरतात.

पहिला नियम असा, की वाचून दाखवायचं ते स्क्रीनवरून. डोक्यातलं बोलायचं नाही. तुम्ही ऐकलं तेरा, टाइप केलं तेवीस आणि आठवणीतून परत म्हटलं तेरा, तर पाहुणा खुशीने हो म्हणेल आणि रूम २३ तारखेलाच राहील. म्हणून आधी पूर्ण एंट्री करायची, मग नजर स्क्रीनवर ठेवून वाचायचं. पाहुणा घाईत असला तरी, “एकदा वाचून दाखवते, ऐका” एवढं म्हटलं की बहुतेक जण थांबतात.

दुसरी गोष्ट ‘हो हो’ची. तुमचं वाक्य संपायच्या आत हो आला, तर समोरच्याने काही ऐकलेलं नाही असं धरा. तो रिक्षात आहे, नाहीतर शेजारी कुणाशी तरी बोलतोय. अशा वेळी तेच वाक्य पुन्हा मोठ्याने म्हणून उपयोग नसतो. ज्याचं उत्तर हो-नाहीत देता येणार नाही, असा प्रश्न विचारायचा: “पुण्यात पोहोचणार त्या दिवशी वार कोणता येतोय?” तारीख आणि वार पाहुण्याच्या डोक्यात बहुधा वेगवेगळ्या वाटांनी आलेले असतात. तारीख पत्रिकेवरून, वार रजेच्या हिशोबातून. दोन्ही जुळले तर तारीख पक्की. नाही जुळले तर दोघांनी कॅलेंडर उघडायचं, अंदाज करायचा नाही. ‘पुढचा शनिवार’, ‘परवा’ असले शब्द एंट्रीत किंवा वाचून दाखवताना कधीच येऊ द्यायचे नाहीत. आकडाही फोडून सांगायचा: “तेरा, म्हणजे एक आणि तीन.” इंग्रजीत बोलणाऱ्या पाहुण्याकडे थर्टीन आणि थर्टीचा घोळ याहून जास्त होतो.

आता ट्रेनिंगमध्ये मी नेहमी घेते तो कॉल बघू. फोन लातूरहून आहे. गृहस्थ म्हणतात, “तेरा फेब्रुवारीला येतोय, दोन दिवस, एक डबल रूम.” साल २०२६. नवीन माणूस काय करतो? १३ तारीख चेक-इन, १५ चेक-आउट, दोन रात्री, संपलं. दिसायला बरोबर आहे. पण अजून एक प्रश्न राहिला आहे: “किती वाजता पोहोचणार?”

“रात्रीच्या ट्रॅव्हल्सने येतोय. पहाटे साडेचारला हडपसरला उतरू.”

इथे सगळं बदलतं. आमचं चेक-इन दुपारी बाराला. १३ तारखेच्या पहाटे त्यांना रूम हवी असेल, तर हॉटेलच्या हिशोबात ती १२ तारखेची रात्र आहे. पाहुण्याला हे आपणहून कळत नाही आणि त्यात त्याची चूकही नाही. घरातलं कोणीच पहाटे साडेचारला आदल्या दिवसाच्या रात्रीत धरत नाही. त्याला दोन्ही पर्याय सरळ सांगायचे:

“साहेब, साडेचारला आल्याआल्या रूम हवी असेल तर मी १२ च्या रात्रीपासून ठेवते, तीन रात्रींचे पैसे होतील. नाहीतर १३ ला दुपारी बारापासून ठेवते, दोन रात्रींचे. मग सकाळी सामान आमच्याकडे ठेवता येईल, पण रूम लवकर मिळेलच असं आत्ता सांगता येणार नाही.”

“बाईमाणूस सोबत आहे, लहान मूल आहे. आल्यावर रूमच पाहिजे.”

आता तारखांचं वाचन असं होतं: “१२ फेब्रुवारी, गुरुवारच्या रात्रीपासून रूम तुमची. तुम्ही प्रत्यक्ष पोहोचणार १३ ला, शुक्रवारी पहाटे साडेचारला. एकूण तीन रात्री: गुरुवारची, शुक्रवारची, शनिवारची. १५ तारखेला, रविवारी सकाळी अकराला रूम सोडायची.” दिवस किती हे बोलायचंच नाही. रात्री मोजायच्या आणि वारांच्या नावानिशी मोजायच्या. शेवटच्या वाक्यावर हे गृहस्थ हमखास म्हणतात, “अहो, गाडी संध्याकाळची आहे.” तेही फोनवरच निघालेलं बरं.

आता नाव. “नाव काय लिहू?” असं विचारलं की फोन करणारा स्वतःचं नाव सांगतो. आपल्याला दोन नावं हवी असतात: रूममध्ये राहणाऱ्याचं आणि फोन करणाऱ्याचं. म्हणून प्रश्न असा: “रूममध्ये राहणार कोण? त्यांचं ओळखपत्रावर आहे तसं नाव सांगा.” इथे कळतं की राहणार धाकटे बंधू, त्यांची बायको आणि मूल, फोन मात्र थोरल्यांचा. पहाटे काउंटरवर बंधू उभे राहणार. त्यांचं आधार कार्ड दाखवणार. आणि नाइट शिफ्टच्या मुलाला त्या नावाचं बुकिंगच सापडणार नाही.

आडनाव वाघ. स्क्रीनवर ते WAGH आहे की VAGH? दोन्ही लिहिणारे लोक आहेत, आणि सर्चमध्ये एक टाकलं की दुसरं दिसत नाही. तेव्हा एकेक अक्षर, शब्दासकट: “डब्ल्यू फॉर वॉटर, ए फॉर आग्रा, जी फॉर गोवा, एच फॉर हैदराबाद.” बी, पी, डी, टी, व्ही आणि एम, एन ही अक्षरं फोनवर एकमेकांसारखी ऐकू येतात, तिथे शब्द जोडल्याशिवाय पुढे जायचं नाही. कुठला शब्द जोडता याला महत्त्व नाही, फक्त सगळ्या डेस्कने एकच यादी वापरावी. आडनाव पाटील, जोशी, शिंदे किंवा कुलकर्णी असेल तर स्पेलिंगपेक्षा पहिलं नाव आणि मोबाइल जास्त कामाचा. लग्नसराईत एका दिवशी तीन पाटील असणं ही पुण्यात रोजची गोष्ट आहे. मोबाइल नंबर पाच-पाच आकड्यांत वाचायचा आणि ‘डबल’, ‘ट्रिपल’ टाळायचं.

आता पैशाची हमी. इथे नवीन मुलं लाजतात आणि पुटपुटतात. स्क्रीनवर प्रत्येक बुकिंगपुढे एक खूण असते: हमी नसलेलं की हमी असलेलं. हमी नसलेलं म्हणजे रूम संध्याकाळी सहापर्यंत ठेवू, नंतर दुसऱ्याला देऊ शकतो. हमी असलेलं म्हणजे रूम रात्रभर ठेवू, पण तुम्ही न कळवता आला नाहीत तर ठरलेली रक्कम जाईल. वाचताना ही दोन्ही टोकं सांगायची. एकच सांगितलं की पाहुण्याला ते फसवल्यासारखं वाटतं, आणि खरं तर बरोबरच वाटतं.

वाघ यांच्या बुकिंगला हमीशिवाय चालणारच नाही. आमचं नाइट ऑडिट, म्हणजे दिवसाचा हिशोब बंद करणं, रात्री दोनच्या सुमाराला होतं. त्या वेळी सिस्टिमची तारीख १२ ची १३ होते आणि न आलेलं बुकिंग नो-शोमध्ये जातं. म्हणजे हडपसरला गाडी थांबेपर्यंत त्यांची रूम सिस्टिममधून गेलेली असते. म्हणून दोन गोष्टी हव्यात: ॲडव्हान्स घेतलेला आणि रिमार्कमध्ये स्पष्ट ओळ, ‘पाहुणे १३ च्या पहाटे ४:३० ला, नो-शो करू नये’. नुसतं ‘लेट अरायव्हल’ लिहिलं तर रात्रीचा माणूस अकरा-बारापर्यंत वाट बघेल.

रक्कम करासकट एकच आकडा सांगायची. आमचा रेट ₹३,२००, त्यावर ५ टक्के जीएसटी धरून ₹३,३६० एका रात्रीचे. साडेसात हजारांपर्यंतच्या रूमला सप्टेंबर २०२५ पासून हा दर आहे. तीन रात्रींचे ₹१०,०८०. ॲडव्हान्स एका रात्रीचा ₹३,३६०, उरलेले ₹६,७२० आल्यावर. फोनवर सांगितलेला आकडा आणि पेमेंट लिंकवरचा आकडा पैशापैशाने जुळला पाहिजे.

“ॲडव्हान्स कशाला? येणारच आहोत ना आम्ही!” हे ऐकू येणारच. उत्तर पॉलिसीचं द्यायचं नाही, त्यांच्या गाडीचं द्यायचं: “तुम्ही पहाटे येणार. ॲडव्हान्स असला की रात्री दोननंतरही रूम तुमच्याच नावावर राहते.” यावर वाद घालणारे फार थोडे.

काही पाहुणे थेट कार्डाचा नंबर वाचायला लागतात. मधेच तोडा, उद्धटपणा झाला तरी चालेल. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने आपल्याला कार्डाचा पूर्ण नंबर साठवता येत नाही, रजिस्टरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलाही नको. कॉल रेकॉर्ड होत असेल तर तो रेकॉर्डिंगमध्येही जातो. शिवाय भारतातल्या कार्डावर ऑनलाइन पैसे कापायला सहसा ओटीपी लागतो, त्यामुळे नुसत्या नंबराची हमी म्हणून किंमत फारशी नाही. वाक्य ठरलेलं: “नंबर सांगू नका, मी लिंक पाठवते. ओटीपी, पिन किंवा सीव्हीव्ही आम्ही फोनवर विचारत नाही, आमच्या नावाने कुणी विचारला तरी देऊ नका.”

यूपीआयचा स्क्रीनशॉट आला म्हणजे पैसे आले असं नाही. बारा आकडी व्यवहार क्रमांक घ्यायचा, हॉटेलच्या खात्यात तो दिसला की मगच ‘हमी असलेलं’ अशी खूण करायची. तोपर्यंत पाहुण्याला कन्फर्म हा शब्द वापरायचा नाही. कंपनीच्या बुकिंगला पैशाऐवजी कंपनीचं पत्र लागतं. त्यात रूमभाडं कंपनीचं आणि जेवण कुणाचं, हे लिहिलेलं आहे का तेवढं बघा.

रद्द करण्याची मुदत ‘चोवीस तास आधी’ अशी सांगितली तर भांडण ठरलेलं. कशाच्या आधी? वाघ धरतील पहाटे साडेचारच्या आधी, म्हणजे १२ च्या पहाटेपर्यंत. आपला हिशोब १२ तारखेच्या दुपारी बारापासून मागे जातो. मधे साडेसोळा तासांचा फरक आणि ₹३,३६०. म्हणून घड्याळ आणि वार सांगायचा:

“११ फेब्रुवारी, बुधवार दुपारी बारापर्यंत कळवलंत तर ॲडव्हान्स पूर्ण परत. त्यानंतर रद्द केलंत किंवा आला नाहीत, तर एका रात्रीचे ₹३,३६० परत मिळणार नाहीत. सांगा बरं, कधीपर्यंत कळवायचं?”

हा शेवटचा प्रश्न विचारायला नवीन मुलांना अवघड जातं. परीक्षा घेतल्यासारखं वाटतं म्हणे. आवाज हलका ठेवला तर पाहुणे हसतात आणि उत्तर देतात. “बुधवार दुपार” असं त्यांच्या तोंडून आलं की रिमार्कमध्ये तेही लिहा: कुणी म्हटलं, किती वाजता, कॉल कुणी घेतला.

फोन ठेवायच्या आधी मेसेज पाठवायचा, नंतर नाही. “आला का बघा” म्हणून विचारायचं. नंबर चुकला असेल तर तो इथेच सापडतो. मग तारीख बदलायला वाघांचा पुन्हा फोन आला, तर फक्त बदललेली तारीख वाचून थांबू नका. रात्री, रक्कम आणि रद्द करण्याची मुदत तिघंही तारखेबरोबर सरकतात, तेव्हा सगळं पहिल्यापासून वाचा आणि जुना मेसेज रद्द समजा असं नव्या मेसेजात लिहा.